बोटांचे वय की वाद्याचा दोष?

गेल्या नवरात्रात धारला ताईकडे गेलो होतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीत बोलत बसलो असता कोपऱ्यात कापडी खोळीत घातलेले एक वाद्य भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले. खोळीवर धूळ साचली होती. चौकशी केली तेव्हा ताई थोडी ओशाळून म्हणाली, “गिटार आहे रे. सहा आठवडे रोज घेऊन बसले. आता ठेवून दिली. बोटं म्हातारी झाली माझी, दुसरं काय!”

ताईचे वय बासष्ट. आमच्या वडिलांच्या घरी मिरजेचा तंबोरा होता, आणि त्याच्या साथीने ती लहानपणापासून गात आली. पाच वर्षांपूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाज बसला, तो परत आला नाही. ज्या बाईच्या दिवसाची सुरुवात अभंगाने होत असे तिच्या घरात त्यानंतर सकाळी केवळ भांड्यांचा आवाज उरला. “गळ्यातून नाही तर निदान हातातून तरी निघेल,” या विचाराने तिने ते वाद्य आणविले होते. म्हणून तिचे ते वाक्य माझ्या मनाला लागून राहिले. मी खोळ उघडली, वाद्य मांडीवर घेतले, आणि एक पडदा दाबून पाहिला. माझ्या बोटालाही कळ आली.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या कंपासपेटीतील पट्टी घेऊन आम्ही त्या गिटारचे माप घेतले. त्या मापातून जे समजले तेच येथे सांगावयाचे आहे. प्रौढ वयात वाद्य शिकू पाहणारा मनुष्य पहिल्या अपयशाचा दोष आपल्या वयाला देतो. पुष्कळदा तो दोष वाद्याचा असतो, आणि तो पट्टीने मोजता येतो.

तारेची उंची

तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना गिटारचे अवयव परके वाटणार नाहीत. खाली तबलीवर घोडी असते, वर खुंट्या असतात, आणि खुंट्यांच्या अलीकडे, तंबोऱ्याला जेथे अटी असते तेथे, गिटारला खाचा पाडलेली हाडाची अथवा प्लॅस्टिकची पट्टी असते. तिला नट म्हणतात. घोडीच्या खोबणीतही अशीच एक पांढरी पट्टी उभी बसविलेली असते. तिला सॅडल म्हणतात. या दोहोंच्या दरम्यान तारा ताणलेल्या असतात, आणि त्यांच्याखाली दांडीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. सतारीचे पडदे बांधलेले असतात, ते सरकविता येतात. गिटारचे पडदे मात्र कायमचे बसविलेले असतात.

वादकाचे बोट तारेला खाली दाबून पडद्यावर टेकविते. तार पडद्यापासून जितकी उंच, तितके बोटाला अधिक बळ लावावे लागते. शिवाय दाबताना तार थोडी ताणली जाते, आणि ताण वाढला की स्वर चढतो. उंच तारेमुळे बोट दुखते आणि स्वरही बिघडतो, अशी दुहेरी हानी होते.

उंची मोजण्याची जागा म्हणजे बारावा पडदा. तो तारेच्या बरोबर मध्यावर येतो. पोलादी तारांच्या गिटारवर तेथे पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारेखाली सुमारे २.५ मि.मी. आणि बारीक तारेखाली सुमारे २ मि.मी. अंतर असावे. नायलॉनच्या तारा अधिक रुंद हेलकावतात, म्हणून त्यांच्या गिटारवर अनुक्रमे ४ आणि ३ मि.मी. चालते. मोजण्यासाठी पोलादी पट्टी घ्यावी आणि तिचा शून्य अगदी कडेवर आहे ना हे पाहून घ्यावे. शाळकरी प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याच्या आधी कोरी जागा सुटलेली असते. आमच्याकडे तीच पट्टी होती, तेव्हा मी ती जागा कानशीने घासून काढली आणि मग माप घेतले.

ताईच्या गिटारला पोलादी तारा होत्या. जाड तारेखाली अंतर निघाले ४.५ मि.मी.

ते कमी करता येईल का? येथे थोडे गणित करावे लागते. सॅडल खालून घासली की तार खाली येते. परंतु बारावा पडदा मध्यावर असल्यामुळे सॅडल जितकी घासावी त्याच्या निम्म्यानेच तेथील तार उतरते. आम्हांस तार २ मि.मी. उतरवावयाची होती, म्हणजे सॅडल ४ मि.मी. घासावी लागणार. ती घोडीच्या वर डोकावत होती अवघी ३ मि.मी.! त्यातही दीड-दोन मि.मी. तरी वर राहावीच लागते, नाहीतर तारेला खाली दाब मिळत नाही आणि नाद मरतो. अर्थात फार तर एक-दीड मि.मी. घासून बाराव्या पडद्यावर अर्धा-पाऊण मि.मी. सुधारणा झाली असती.

मग खरे कारण शोधले. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबून धरली म्हणजे ती सरळ ओळंब्यासारखी होते. तिच्या आणि सातव्या पडद्याच्या दरम्यान जी फट दिसते ती दांडीचा बाक दाखविते. फट साध्या कार्डाच्या जाडीइतकी असावी. येथे दीड मि.मी. होती. दांडी तारांच्या ओढीने धनुष्यासारखी वाकली होती. चांगल्या पोलादी तारांच्या गिटारच्या दांडीत लोखंडी सळई असते, आणि षट्कोनी किल्लीने ती फिरवून असा बाक काढता येतो. किल्लीचे तोंड खुंट्यांजवळच्या झाकणीखाली अथवा नादछिद्राच्या आत सापडते. या गिटारला ते कोठेच नव्हते.

राहिला नट. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली असता पहिल्या पडद्यावर तिच्याखाली कागद सरकेल इतकीच फट राहावी. येथे पोस्टकार्ड दुमडून सैल गेले. नवशिक्याची बहुतेक बोटे पहिल्या तीन पडद्यांवरच पडतात, तेव्हा खरा छळ येथेच होत होता.

शेवटी मी बाराव्या पडद्यावर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून छेडले. तेथे तार सप्तकाचा जो निर्मळ स्वर निघतो तोच तेथे तार दाबून छेडल्यावर निघाला पाहिजे. दाबलेला स्वर स्पष्ट चढा निघाला. ताई चटकन म्हणाली, “हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. मला वाटलं, माझं दाबणंच चुकतंय.”

पन्नास वर्षे सुरांत मुरलेल्या कानाने दोष नेमका पकडला होता, आणि तिने तो स्वतःच्या माथी घेतला होता.

तारांची ओढ

एका शहरातील दुकानातून ती गिटार तीन हजार दोनशे रुपयांना आली होती. तकतकीत रंग, सोबत खोळ, पट्टा आणि नख्या फुकट. बाह्यांग पाहून वाद्य घेतले की असे होते. दुसऱ्या खेपेस आम्ही उलट बाजूने निघालो. ताईला काय वाजवावयाचे आहे आणि तिची बोटे किती ताण सोसतील, हे प्रथम ठरविले.

ताण तारांच्या जातीवर अवलंबून असतो. पोलादी तारांचा नेहमीचा ‘लाइट’ संच, ज्याची सर्वांत बारीक तार १२ आकड्याची म्हणजे इंचाच्या बारा सहस्रांश जाडीची असते, सहा तारा मिळून सुमारे सत्तर किलोंहून अधिक ओढ देतो. १० आकड्यापासून सुरू होणारा हलका संच साठ किलोंच्या आसपास येतो. नायलॉनच्या सहा तारांची ओढ चाळीस किलोंच्या घरात असते, आणि युकुलेलेच्या चार तारांची पंधरा ते वीस किलो. पोलादी तार बारीक असल्यामुळे बोटात रुतते. नायलॉनची जाड आणि मऊ असते. ज्याला चित्रपटगीतांना खणखणीत साथ करावयाची आहे त्याने पोलादी तारांची गिटार घ्यावी, मात्र १० आकड्याचा संच चढवून. ज्याला एकेक स्वर काढून चाल वाजवावयाची आहे त्याला नायलॉन बरी.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. नायलॉनसाठी बनविलेल्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिच्या तबलीची बांधणी चाळीस किलोंसाठी असते. सत्तर किलोंच्या ओढीने काही दिवसांतच घोडी उचलली जाते अथवा तबली फुगते. दोन्ही जाती ओळखणे सोपे आहे. नायलॉनच्या गिटारला तार घोडीच्या आडव्या छिद्रातून ओवून गाठ मारलेली असते, आणि डोक्यावर दोन लांबट खिडक्या असतात. पोलादी गिटारला तारेचे टोक घोडीत घालून खुंटीने बंद केलेले असते.

दुसरा प्रश्न हाताचा. नायलॉनच्या पूर्ण मापाच्या गिटारची तार नटापासून सॅडलपर्यंत ६५० मि.मी. असते आणि तिचा पहिला पडदा नटापासून साडेछत्तीस मि.मी. दूर येतो. दांडीची रुंदी नटाजवळ ५२ मि.मी. पोलादी गिटारची दांडी अरुंद, सुमारे ४३ मि.मी. असते. ताईने कागदावर हात ठेवून बोटे फाकविली, आणि मधले बोट व करंगळी यांच्यातील सांध्याच्या जडपणामुळे पूर्ण मापाची दांडी तिला दुखविणार हे आमच्या लक्षात आले. तिच्यापुढे दोन मार्ग उरले: लहान मापाची नायलॉनची गिटार किंवा युकुलेले.

चार तारांचे वाद्य

युकुलेले हे नाव आपल्या घरांत अलीकडचे असले तरी वाद्य जुने आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करणारी माणसे घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदरास लागले. त्यांत तीन सुतार होते. आपल्या गावच्या लहानशा चार तारी वाद्याच्या नमुन्यावर त्यांनी तेथील कोआ लाकडाची वाद्ये बनविली, आणि तेथील राजा कालाकाउआ याने त्यांना दरबारात स्थान दिले. हवाईहून आपल्या देशात आधी आली ती मात्र मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याची गिटार. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत आणले. आपल्याकडील दुकानांत अजूनही ‘हवाईयन’ आणि ‘स्पॅनिश’ असे दोन शब्द चालतात ते त्यामुळेच. माळ्यावर जुनी गिटार सापडली तर ती कोणती आहे हे आधी पाहावे. नट इतका उंच असेल की तारा पडद्यांना टेकूच शकत नाहीत, तर ती हवाईयन समजावी. तिच्यावर बोटांनी शिकू पाहणे व्यर्थ.

युकुलेलेची मापे मुख्यतः तीन. सर्वांत लहान सोप्रानोची तार सुमारे ३४५ मि.मी., मधल्या कॉन्सर्टची ३८०, आणि मोठ्या टेनरची ४३० मि.मी. प्रौढाने सोप्रानो शक्यतो घेऊ नये. पहिल्या पडद्याचे अंतर एकोणीस-वीस मि.मी.च असल्यामुळे मोठी बोटे एकमेकांवर चढतात. कॉन्सर्टमध्ये ते एकवीस मि.मी.च्या वर जाते, आणि ती मध्यम हातांना सोयीची पडते.

चार मोकळ्या तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. आपण षड्ज पांढरी एकचा धरला तर त्या होतात प, सा, ग, ध. भूपाला फक्त रिषभ तेवढा हवा! ताईने हे ऐकले आणि ती हसली. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुने हसू पाहिले.

पण एक अडचण होती. युकुलेलेची चौथी तार सर्वांत वर असूनही खर्जाची नसते. तिचा पंचम षड्जाच्या वरचाच असतो. त्यामुळे षड्जाच्या खाली एकही स्वर मिळत नाही, आणि ताईचे निम्मे अभंग मंद्र पंचमापर्यंत उतरणारे. यावर उपाय आहे. चौथ्या तारेच्या जागी ‘लो जी’ नावाची जाड तार मिळते. ती लावली की मंद्र पंचम हाती येतो. मात्र नटाची त्या तारेची खाच थोडी रुंद करावी लागते, नाहीतर तार खाचेत अडकते आणि खुंटी फिरविताना स्वर हळूहळू न चढता एकदम उडी मारतो. दुकानदाराकडून हे काम विकत घेतानाच करवून घ्यावे.

माळव्याची हवा आणि लाकूड

पंडित कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाच्या दुखण्यामुळे, येथील कोरडी हवा फुप्फुसांना मानवेल म्हणून. तीच कोरडी हवा लाकडाला मात्र मानवत नाही. वैशाखात दुपारी आमच्याकडे हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात ती नव्वदीला भिडते. गिटार बनविणारे सांगतात की वाद्याला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता हवी. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पडद्यांची धातूची टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन हाताला बोचतात, तबलीला चीर जाते. पावसाळ्यात तबली फुगून तारा उंच होतात.

म्हणून पहिले वाद्य एकसंध लाकडाचे घेण्याचा हट्ट आमच्या हवेत धरू नये. एकसंध फळीच्या तबलीचा नाद अधिक खुलतो यात शंका नाही. तथापि आडवे-उभे पातळ थर चिकटवून केलेली तबली चिरण्याला अधिक दाद देत नाही, आणि ती स्वस्तही असते. फरक ओळखावयाचा तर नादछिद्राची कड पाहावी. वरच्या पृष्ठावरील रेघा कडेवरून सरळ आत उतरताना दिसल्या तर फळी एकसंध. कडेवर पापडासारखे थर दिसले तर थरांची. थरांचे लाकूड म्हणजे फसवणूक नव्हे. थरांचे सांगून एकसंधाची किंमत मागणे ही फसवणूक.

दुकानातील एक दुपार

विश्वासू बनावटीबद्दल दोन शब्द. तंबोरा आपण कारागिराच्या घराण्यावर भरवसा ठेवून घेतो. कारखान्यातील गिटारच्या बाबतीत मुख्य गुण म्हणजे एकसारखेपणा: पहिली जशी, शंभरावी तशी. या दृष्टीने जपानची यामाहा नवशिक्यांसाठी निर्धास्त समजली जाते. १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी केलेल्या ऑर्गनपासून या संस्थेची सुरुवात झाली. तिची नायलॉनची सी-४० ही पूर्ण मापाची, आणि सीएस-४० ही ५८० मि.मी. तारेची; पोलादी तारांत एफ-३१०. तिघींच्याही तबल्या थरांच्याच आहेत. कोरियाच्या कॉर्टचीही साधी वाद्ये नीट असतात. युकुलेलेत अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या ‘काला’ची महोगनीच्या थरांची साधी वाद्ये पाहावीत. कोलकात्यात गिटार बनविणारे जुने कारागीर आणि कारखाने आहेत. गिव्हसन हे नाव घरोघर पोहोचलेले आहे. ही वाद्ये स्वस्त पडतात, परंतु कोणतेही स्वस्त वाद्य नावावर न घेता तेच नेमके वाद्य हाती घेऊन मोजून घ्यावे. मुंबईस जाणे झाले तर धोबी तलावावरील फुर्ताडो या १८६५ पासूनच्या पेढीत अनेक वाद्ये एका ठिकाणी हाताळता येतात. आम्ही जवळचे इंदूर गाठले.

दुकानदाराला मी प्रथमच सांगितले, “आम्हांला घाई नाही, आणि आम्ही पट्टी घेऊन आलो आहोत. राग मानू नका.” तो सज्जन गृहस्थ होता. त्याने चार वाद्ये पुढे ठेवली: एक पोलादी तारांची गिटार, एक लहान मापाची नायलॉनची गिटार, आणि दोन कॉन्सर्ट युकुलेले.

पोलादी गिटारचे माप निर्दोष होते, जाड तारेखाली २.४ मि.मी.; ताईने पाच मिनिटे वाजवून ती बाजूस ठेवली. नायलॉनची गिटार तिला आवडली, नादही गोड होता. पण मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा उंच करावा लागे, आणि तो खांदा आधीच दुखरा. मग युकुलेले. पहिल्याचे बाराव्या पडद्यावरील अंतर साडेतीन मि.मी. निघाले. युकुलेलेला अडीच ते पावणेतीन पुरते. दुसऱ्याचे अडीच. दोन्ही एकाच कारखान्याची, एकाच किमतीची! माप घेतले नसते तर वरचे कोणतेही उचलले असते.

दुसऱ्याची पुढील तपासणी ताईनेच केली. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून छेडला. कोठे तार झणझणली तर पुढचा पडदा उंच बसला आहे असे समजावे, झणझणले नाही. दांडीच्या दोन्ही कडांवरून अंगठा आणि बोट सरकविले. पडद्यांची टोके बोचली नाहीत. घोडीच्या मागे कागदाचा कोपरा सारून पाहिला. आत शिरला नाही, म्हणजे चिकटविणे पक्के. खुंट्या दातेरी चाकांच्या होत्या. नुसत्या घर्षणाने थांबणाऱ्या खुंट्या नवशिक्याला जड जातात. शेवटी बाराव्या पडद्याची परीक्षा: स्पर्शाचा आणि दाबलेला स्वर, चारही तारांवर. डोळे मिटून तिने ऐकले आणि मान डोलावली.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. “गंधार चढा आहे रे.”

तिचे बरोबर होते, आणि वाद्यही बरोबर होते. तंबोऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याहून पडद्यांच्या पाश्चात्त्य वाद्याचा शुद्ध गंधार एका अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडल्याचा तो परिणाम. आपल्या पेटीतही तो असतो, म्हणूनच जुने गवई पेटीवर नाराज असत. हा दोष दुसरे वाद्य घेऊन जात नाही; नटाजवळचे स्वर चढे असणे हा दोष मात्र जातो. भेद ओळखण्याची खूण अशी की पहिला आणि बारावा पडदा दोन्ही सुरांत असूनही गंधार चढा वाटला, तर तो वाद्याचा दोष नव्हे, त्या पद्धतीचा स्वभाव.

तारा, ‘लो जी’ आणि बॅटरीवरचे चिमट्यासारखे सूर जुळविण्याचे यंत्र धरून सारे सात हजारांच्या आत आले.

घरी आल्यावर

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. “अरे, खुंट्या सुटतात वाटतं याच्या. दर दहा मिनिटांनी सूर उतरतो.” खुंट्या सुटत नव्हत्या. नायलॉनच्या नव्या तारा आठवडा-दोन आठवडे ताणतच राहतात. तोवर वारंवार जुळवाव्या लागतात. पोलादी तारा दोन दिवसांत स्थिरावतात, पण पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने गंजतात आणि काही महिन्यांत बदलाव्या लागतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या तर त्या अधिक टिकतात.

ठेवण्याबद्दल ताईला इतकेच सांगितले की वैशाखात वाद्य भिंतीवर न टांगता खोळीत, आतल्या खोलीत ठेव. कूलरच्या झोतापुढे नको, आणि उन्हात उभ्या मोटारीत तर मुळीच नको, कारण तेथील उष्णतेने डिंक सैलावतो. वर्षातून दोनदा, ज्येष्ठात आणि भाद्रपदात, बाराव्या पडद्यावर पट्टी धरायची. अडीचचे तीन झाले तर घाबरावयाचे कारण नाही. आश्विनात ते बहुधा परत येते. न आल्यास सॅडल अर्ध्या मिलिमीटरने घासावी, म्हणजे पाव मिलिमीटर तार उतरेल. गणित तेच.

आता ती जुनी गिटार. टाकून देणे ताईच्या जिवावर आले होते. भाच्याने तिच्या नटावर वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या कारागिराच्या हाडपट्टीने आणखी उंची दिली, तारा थोड्या उतरवून एका मेळात लावल्या, आणि ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवू लागला. जी उंची बोटांना छळत होती तीच कांडीला हवी असते. कांडीखाली पडद्यांचा स्पर्शच होऊ द्यावयाचा नसतो. स्वरही कांडी जेथे थांबेल तेथे, तेव्हा चढ्या पडद्यांची अडचण उरली नाही.

गेल्या महिन्यात धारला गेलो तेव्हा सकाळी आतल्या खोलीतून मंद्र पंचमावरून षड्जावर येणारी ओळखीची चाल ऐकू आली. सावकाश, मध्येच थांबून, पुन्हा पहिल्यापासून. मी ओसरीतच बसून राहिलो. चाल संपल्यावर ताई बाहेर आली आणि डाव्या हाताची बोटे माझ्यापुढे धरून म्हणाली, “बघ, घट्टेसुद्धा पडले नाहीत.”